आठव्या मात्रेचा श्वास

सकाळी उद्यानात जमणाऱ्या बहुतेक हास्यसंघांचा प्रारंभ एखाद्या गीताने होतो. कुठे शाळेतील प्रार्थना असते, कुठे जुने चित्रपटगीत, कुठे एखाद्या सभासदाने हौसेने रचलेल्या चार ओळी. टाळ्या मात्र त्या गीताला मागाहून जोडलेल्या असतात. परिणामी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत अर्धी मंडळी टाळ्या वाजवीत असतात, अर्धी गात असतात, आणि ज्यांचे वय पंच्याहत्तरीपुढे गेले आहे ती ना गात असतात ना टाळ्या वाजवीत असतात. ती केवळ धाप लागू न देण्याच्या खटपटीत असतात. हास्ययोगाचा पहिला प्रकार सुरू होण्यापूर्वीच ती दमलेली असतात.

यात त्यांच्या वयाचा दोष थोडा आणि गीताच्या बांधणीचा अधिक. म्हणून आजच्या लेखात आपण उलट्या टोकाने प्रारंभ करू. आधी टाळी ठरवू, मग श्वासाची जागा ठरवू, आणि उरलेल्या जागेत शब्द बसवू.

टाळीचा नमुना नव्याने शोधण्याचे कारण नाही. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या एका उद्यानात अवघ्या पाच जणांसह पहिला हास्यक्लब सुरू केला. प्रारंभी तेथे विनोद सांगितले जात. पंधरवड्यातच चांगले विनोद संपले, उरलेल्यांतील काही कुणाला बोचू लागले, आणि विनोदावाचून हसण्याची पद्धत पुढे आली. या पद्धतीबरोबर जगभर गेलेली टाळी सर्वांच्या परिचयाची आहे: ‘हो हो, हा हा हा’. दोन सुट्या टाळ्या आणि तीन सलग टाळ्या. तळहातावर तळहात आणि बोटांवर बोटे समोरासमोर आणून ती वाजवितात.

या पाच टाळ्या कागदावर मांडून पाहिल्या, की त्या आपल्या भजनाच्या ठेक्यात अगदी नेमक्या बसतात हे ध्यानात येते. केरवा काय किंवा भजनी ठेका काय, आवर्तन आठ मात्रांचे. पहिल्या चार मात्रांत दोन सुट्या टाळ्या येतात, प्रत्येकीला दोन मात्रा. पाचवी, सहावी आणि सातवी मात्रा तीन सलग टाळ्यांची. आठवी मात्रा रिकामी राहते.

मात्रा: १ २ ३ ४ | ५ ६ ७ ८
टाळी: टा ऽ टा ऽ | टा टा टा ऽ
हास्य: हो ऽ हो ऽ | हा हा हा ऽ

ही रिकामी आठवी मात्रा हाच आजचा खरा विषय आहे. तबलजी ती आपोआप सांभाळतो. उद्यानातील तीस-चाळीस माणसांचा समूह मात्र ती हमखास गिळतो. हाताला रिकामे राहण्याची सवय नसते. तिसरी सलग टाळी वाजली, की पुढचा शब्द तोंडात येऊ पाहतो. जिथे श्वास घ्यायचा होता, नेमकी तीच जागा नाहीशी होते.

आता वेग ठरवू. सेकंदाला दोन मात्रा हा वेग बहुतेकांना झेपतो. म्हणजे एक आवर्तन चार सेकंदांचे आणि मिनिटाला पंधरा आवर्तने. मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा पाहून हे सहज पडताळता येते. याहून जलद गेल्यास सांधे आखडलेल्या हातांना तीन सलग टाळ्या जमत नाहीत. बहुसंख्य सभासद ऐंशीच्या घरात असतील, तर पाच सेकंदांचे आवर्तन घ्यावे, मिनिटाला बारा.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वासोच्छ्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा होतो, म्हणजे एक श्वास घेऊन सोडण्यास तीन ते पाच सेकंद लागतात. गाताना श्वास सोडण्याचा काळ लांबतो. तेव्हा एका दमात चार सेकंद गाणे ही ज्येष्ठांसाठी सोयीची मर्यादा. सोळा मात्रांची ओळ, जशी आपल्या अनेक गीतांत असते, ती या वेगाने आठ सेकंद चालते. तिथेच धाप लागते. म्हणून प्रारंभगीताची ओळ आठ मात्रांचीच असावी, आणि प्रत्येक ओळीनंतर आठ मात्रांच्या टाळ्या तोंड मिटून वाजवाव्यात. टाळ्या वाजत असताना फुप्फुसे नाकाने भरून घेतात. हात कामात आणि कंठ विश्रांतीत, अशी ही वाटणी आहे.

समजा, संघातील एका हौशी सभासदाने या मापात पहिला मसुदा रचून आणला:

आली सकाळ
हातच टाळ
गुडघे कुरकुर
मनात हुरहुर

वाचायला हा मसुदा चांगलाच आहे, किंचित खट्याळही आहे. परंतु तो म्हणून पाहावा. ‘सकाळ’ आणि ‘टाळ’ यांच्या अखेरीस ‘ळ’ हा व्यंजनान्त उच्चार येतो. जीभ टाळूला लागते आणि आवाज तिथेच तुटतो. कवळी बसविलेल्यांना तो आणखी अवघड. पुढच्या दोन ओळींची अडचण निराळी. ‘कुरकुर’ आणि ‘हुरहुर’ यांत चार ऱ्हस्व अक्षरे आहेत आणि ती पाचव्या ते आठव्या मात्रेवर एकेक अशी बसतात. शेवटचा ‘र’ ठीक आठव्या मात्रेवर येतो. म्हणजे शब्द संपतो त्याच क्षणी टाळी सुरू व्हायला हवी आणि त्याच क्षणी श्वासही घ्यायला हवा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. पहिली टाळी चुकते, माणूस ती भरून काढण्यासाठी घाई करतो, आणि संपूर्ण गीत पळू लागते.

यावरून शब्द निवडण्याची एक साधी कसोटी हाती येते. ओळीतील अखेरचे अक्षर दीर्घ स्वराचे असावे आणि ते सातव्या मात्रेवर पडावे. मग आठवी मात्रा त्याच स्वराच्या शेपटीत जाते. ज्याला दम पुरेल त्याने ती लांबवावी, ज्याला पुरणार नाही त्याने सातवीलाच सोडून द्यावी. दोघेही ताल चुकत नाहीत. त्यातही ‘आ’ आणि ‘ई’ हे स्वर उत्तम. दुसरी कसोटी अशी, की पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर शब्दाचे जोर असलेले अक्षर यावे. ‘सकाळी’ हा शब्द आपण बोलतो तेव्हा जोर ‘का’वर असतो, तो पाचव्या मात्रेवर आला, तर कुणाला काही शिकवावे लागत नाही. जोडाक्षरे शक्यतो टाळावीत. मात्रा मोजताना ती फसवितात आणि उच्चारताना जीभ अडखळते.

या कसोट्या लावून तोच आशय पुन्हा बांधला, तर गीत असे होते:

रोज सकाळी
जमते आळी

गुडघे म्हणती
हळूच चाला

सोबत म्हणते
उशीर झाला

आता हसुनी
वाजवु टाळी

गुडघ्यांची कुरकुर गेली नाही, फक्त तिला मोकळा स्वर मिळाला. ‘वाजवु’ हा शब्द येथे मुद्दाम ऱ्हस्व लिहिला आहे. व्याकरणाचे जाणकार कपाळाला आठ्या घालतील, पण ‘वू’ दीर्घ केला तर ओळ नऊ मात्रांची होते. मात्रांची मांडणी आता पाहू.

रो ऽ ज स | का ऽ ळी ऽ
ज म ते ऽ | आ ऽ ळी ऽ
गु ड घे ऽ | म्ह ण ती ऽ
ह ळू ऽ च | चा ऽ ला ऽ
सो ऽ ब त | म्ह ण ते ऽ
उ शी ऽ र | झा ऽ ला ऽ
आ ऽ ता ऽ | ह सु नी ऽ
वा ऽ ज वु | टा ऽ ळी ऽ

आठही ओळींत सातव्या मात्रेवर दीर्घ अक्षर आहे आणि आठवी त्याची शेपटी आहे. आपल्या संघाचे गीत आपण रचाल, तेव्हा असेच प्रत्येक अक्षर एकेका घरात मांडून पाहावे. एखाद्या ओळीची शेपटी हरवली असेल, तर ती कागदावर लगेच दिसते. उद्यानात ती दिसायला आठवडा लागतो, आणि तोपर्यंत चुकीची चाल सर्वांच्या अंगवळणी पडलेली असते.

चाल तीन सुरांपलीकडे नेऊ नये असे माझे मत आहे. संगीताच्या जाणकारांना हे कंजूषपणाचे वाटेल. परंतु वयाबरोबर स्वरयंत्राची लवचीकता कमी होते, वरचे सूर पातळ पडतात, आणि सकाळी तर कंठ उघडलेलाही नसतो. पहिल्या ओळीत ‘रोज’ षड्जावर, ‘स’ ऋषभावर, ‘का’ गंधारावर आणि ‘ळी’ पुन्हा ऋषभावर. दुसऱ्या ओळीत ‘ज’ ऋषभ, ‘म’ गंधार, ‘ते’ ऋषभ आणि ‘आळी’ षड्जावर परत. पुढच्या सर्व जोड्या याच चालीवर. षड्ज कोणता घ्यावा, यासाठी पेटीची आवश्यकता नाही. म्होरक्याने तोंड मिटून सहज ‘हं’ म्हणावे. जो सूर निघेल तोच त्याचा षड्ज. स्त्रियांनी आपल्या सोयीच्या सप्तकात गावे. चित्रपटगीत घेतले, की मूळ गायिकेची पट्टी सर्वांच्या कानात असते, आणि आजोबा तिथपर्यंत पोहोचण्यासाठी मान ताणतात. प्रारंभगीतासाठी चित्रपटगीत नको असे मी म्हणतो, त्याचे एक कारण हेही आहे.

आता प्रत्यक्ष प्रयोग. एका कडव्याची सहा आवर्तने होतात. पहिली ओळ गावी; तोंड मिटून पाच टाळ्या वाजवाव्यात. दुसरी ओळ गावी. पुन्हा मिटल्या तोंडाने पाच टाळ्या. पाचव्या आवर्तनात टाळ्यांसह ‘हो हो, हा हा हा’ म्हणावे. सहावे आवर्तन संपूर्ण रिकामे. त्यात टाळी नाही, शब्द नाही. दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश न्यावेत आणि तितक्याच सावकाश खाली आणावेत. अशा रीतीने गाणे, श्वास, गाणे, श्वास, हसणे, श्वास असा क्रम लागतो. लागोपाठ दोन आवर्तने श्वास सोडण्याची वेळ कुणावर येत नाही.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. श्वासाच्या चार सेकंदांत एकच श्वास ओढत राहावा, असा अर्थ कृपया घेऊ नये. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांची फुप्फुसे जुन्या धूम्रपानाने अथवा चुलीच्या धुराने दुबळी झाली आहेत, त्यांना इतका संथ श्वास उलट घाबरवितो. त्यांनी त्या अवधीत खुशाल दोनदा श्वास घ्यावा. तेवढ्यानेही भागत नसेल, तर एकाआड एक ओळ गावी आणि पाचव्या आवर्तनात नुसत्या टाळ्या वाजवाव्यात.

एका कडव्याची सहा आवर्तने म्हणजे चोवीस सेकंद. चार कडव्यांचे शहाण्णव सेकंद होतात, म्हणजे दीड मिनिटाहून थोडे अधिक. हा आकडा म्होरक्याने ध्यानात ठेवावा, कारण आठवी मात्रा गिळली जाते आहे की नाही, हे त्यावरूनच कळते. चार कडव्यांत टाळ्यांची आवर्तने बारा आहेत. प्रत्येकातील आठवी मात्रा, म्हणजे अर्धा सेकंद, गळाला, तर गीत नव्वद सेकंदांत संपते. घड्याळात नव्वदच्या आसपास भरले, तर दोष आठव्या मात्रेचा आहे असे समजावे. ऐंशीपर्यंत खाली आले, तर संपूर्ण वेगच वाढला आहे. दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

आठवी मात्रा वाचविण्याचा उपाय म्हणजे तिला काम देणे. ‘थांबा’ असे सांगून समूह थांबत नाही. त्याऐवजी तिसऱ्या सलग टाळीनंतर दोन्ही तळहात खांद्यांच्या रुंदीइतके दूर न्यावेत, जणू हातात मध्यम आकाराचे कलिंगड धरले आहे. हात दूर जाऊन परत येण्यास अर्धा सेकंद लागतोच. रिकामी जागा अशी आपोआप भरते, आणि छाती किंचित उघडल्याने श्वासही आत येतो. चार-पाच दिवसांत ही सवय लागते.

वेगच वाढत असेल, तर कारण बहुधा ऐकण्यात असते. समूहात काहींना कमी ऐकू येते. ते टाळी ऐकून वाजवितात, म्हणून किंचित मागे पडतात, आणि मागे पडलेल्यांना सोबत घेण्यासाठी पुढचे अधिक जोराने आणि जलद वाजवितात. म्होरक्याने टाळीपूर्वी हात डोळ्यांना दिसेल असा उचलावा. टाळी ऐकण्याऐवजी पाहून वाजविली, की मागे पडण्याचे कारण उरत नाही. त्यासाठी ओळीपेक्षा अर्धवर्तुळ बरे, आणि म्होरक्याच्या पाठीशी उगवता सूर्य नसावा. मंडळींचे डोळे दिपले तर हात दिसणार कसे? श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या कानाशी टाळी वाजवू नये. ती त्यांना हातोड्यासारखी लागते.

हातांविषयी आता थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रारंभगीतात इजा होते ती तळहातांना आणि खांद्यांना. टाळी छातीच्या उंचीवर, कोपरे वाकवून आणि अंगाजवळ ठेवून वाजवावी. डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजविण्याची हौस अनेक संघांना असते; आखडलेल्या खांद्याला ती महाग पडते. बोटांच्या सांध्यांना सूज असेल, तर सपाट टाळीऐवजी तळहात किंचित पोकळ करून वाजवावी. आघात बोटांच्या पेरांवर न येता तळव्याच्या कडांवर जातो आणि नादही भरदार येतो. खड्याची अंगठी काढून ठेवावी.

दोन प्रकारच्या मंडळींनी अधिक सांभाळावे. पहिली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी. त्यांच्या तळहातावर किंवा मनगटावर निळे-जांभळे डाग दिसू लागले, तर टाळी फार जोराची होते आहे असे समजावे. दुसरी, जुन्या मधुमेहाने हातांची संवेदना कमी झालेली. त्यांना टाळी लागते हे कळतच नाही. घरी परतल्यावर तळहात लालसर किंवा गरम आहेत का, हे सांभाळ करणाऱ्याने आठवड्यातून दोनदा तरी उजेडात पाहावे.

ज्यांना पाच टाळ्या मुळीच झेपत नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या संगीतात एक फार सुंदर सोय आधीपासून आहे. केरव्यात पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचव्या मात्रेवर खाली दाखवितात. खालीला हात न वाजविता नुसता उघडतात. त्यांनी पहिल्या मात्रेला हलकी टाळी द्यावी आणि पाचव्या मात्रेला तळहात उताणा करावा. इतर पाच टाळ्या वाजवीत असताना ही एक टाळी आणि एक खाली त्याच तालात बरोबर बसते. अशी माणसे समूहात कमी पडल्यासारखी दिसत नाहीत. उलट ताल धरून बसलेल्या जाणत्यांसारखी दिसतात. म्होरक्याला स्वतःलाही पहिल्या दिवसांत असाच ताल धरणे सोपे जाते.

पक्षाघातानंतर एकच हात चालतो, अशा सभासदाचे काय करावे, हा प्रश्न सांभाळ करणाऱ्यांना पडतो. चांगल्या हाताने आपल्याच मांडीवर थाप द्यावी, हे एक उत्तर. दुसरे मला अधिक आवडते. सांभाळ करणाऱ्याने शेजारी खुर्ची घेऊन आपला एक तळहात स्थिर धरावा आणि त्यावर त्यांनी आपल्या हाताने टाळी द्यावी. हलवायचा तो त्यांनी. आपण हात पुढे नेऊन टाळी ‘घेऊ’ नये. आपण हात पुढे नेला, की ताल आपला होतो आणि ते नुसते मागे लागतात.

पक्षाघाताने वाचाही गेली असेल, तर या लहान ओळींचा आणखी एक उपयोग संभवतो. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा होऊन बोलता न येणाऱ्या काही व्यक्तींना तेच शब्द गाऊन म्हणता येतात. या निरीक्षणावर आधारलेली एक उपचारपद्धती १९७३ साली अमेरिकेत बॉस्टन येथे मांडली गेली. तीत लहान लहान वाक्ये दोन-तीन सुरांत म्हणवून घेतात आणि प्रत्येक अक्षरासरशी रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका देतात. सर्वांनाच तिचा लाभ होतो असे नाही, आणि ती वाचोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावयाची गोष्ट आहे. उद्यानातील गीत तिची जागा घेऊ शकत नाही. तरीही ‘रोज सकाळी’ हे दोन शब्द रोज त्याच सुरात, त्याच ठोक्यावर कानावर पडत राहिले आणि एखाद्या सकाळी ‘ळी’ त्यांच्या ओठांतून निघाला, तर तो ऐकण्यासाठी जवळ कुणी असावे. शब्द सुचवायची घाई करू नये. ‘रोज स’ म्हणून थांबावे आणि पाचव्या मात्रेपुरती वाट पाहावी. ‘का’ येतो का, हे पाहण्याइतकीच.

आता कुणी थांबावे, ते सांगतो. हर्निया असलेले, पोटाची अथवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, आणि चालताना छातीत दुखणारे यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हास्यप्रकार करावेत. गीताच्या ओळी आणि हलक्या टाळ्या त्यांना बहुधा बसून करता येतात. जोराचे ‘हो हो, हा हा हा’ मात्र वर्ज्य. पोटावर दाब येतो तो तिथेच. अनेक स्त्रियांना, आणि काही पुरुषांनाही, जोराने हसताना लघवीचे थेंब गळण्याचा त्रास असतो. त्याविषयी कुणी बोलत नाही आणि मग एक दिवस येणेच बंद होते. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे, ‘हा हा हा’ हळू म्हणावे, आणि डॉक्टरांना सांगावे. या त्रासावर व्यायाम आणि उपचार उपलब्ध आहेत.

गीत चालू असताना ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, डोके हलके झाले, तर श्वास प्रमाणाबाहेर जलद आणि खोल होतो आहे असे समजावे. खुर्चीवर बसावे, तोंड मिटावे, आणि नाकाने नेहमीसारखा साधा श्वास घ्यावा. थोड्या वेळात बरे वाटते. बरे न वाटल्यास, बोलणे अडखळल्यास, किंवा छातीत दाब जाणवल्यास तो हास्ययोगाचा प्रश्न उरत नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे.

कडवे झेपले की नाही, याची कसोटी सोपी आहे. सहाव्या आवर्तनानंतर शेजाऱ्याला आपले पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, एका दमात सांगावे. मध्ये श्वास घ्यावा लागला, तर पुढचे कडवे ऐकावे, गाऊ नये. या नामोच्चाराचा एक अनपेक्षित लाभ असा, की वर्षानुवर्षे ‘काका’ आणि ‘आजी’ एवढ्यावर ओळखली जाणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागतात.

शिकविण्याचा क्रम सांगून थांबतो. पहिले तीन दिवस शब्द मुळीच देऊ नयेत. नुसत्या पाच टाळ्या आणि कलिंगडाचा हावभाव, आठ-दहा आवर्तने. चौथ्या दिवशी म्होरक्याने एकट्याने ओळ गावी आणि समूहाने मिटल्या तोंडाने टाळ्यांनी उत्तर द्यावे. दुसऱ्या आठवड्यात पहिले कडवे सर्वांनी गावे. ‘हो हो, हा हा हा’ सर्वांत शेवटी आणावे, कारण ते आले की मंडळी उत्साहात येतात आणि आधीचे सारे विसरतात. शब्द मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून झाडाला टांगावेत. हातात कागद दिला, तर टाळी कशाने वाजविणार? आठ ओळी पाठ झाल्या, की तो पुठ्ठा नव्याने येणाऱ्यांसाठी ठेवून द्यावा. महिन्यातून एकदा घड्याळ लावावे, आणि आकडा शहाण्णवच्या जवळ आहे का, ते पाहावे.